वीस चढवले, वीस उतरवले. मग वीस रुपये गेले कुठे?

सणाच्या तोंडावर बारामती आणि इंदापूरच्या कापड दुकानांतून 'वीस टक्के सूट' असे फलक लागतात. वीस टक्के नफा धरला आहे, वीस टक्के सूट दिली, म्हणजे ना नफा ना तोटा, असे पुष्कळ दुकानदार बंधू समजतात. हा समज चुकीचा आहे.

एक ड्रेस मटेरियल ५०० रुपयांना खरेदी केले असे धरा. त्यावर २० टक्के म्हणजे १०० रुपये चढवून विक्रीभाव ६०० ठेवला. आता सूट द्यायची ती ६०० वर. सहाशेचे २० टक्के १२० होतात. गिऱ्हाईक ४८० रुपये देऊन जाते आणि आपल्या पदरचे २० रुपये जातात. असे शंभर नग खपले की गर्दी दिसते, पण गल्ल्यात खरेदीपेक्षा २,००० रुपये कमी भरतात. दुकानभाडे आणि नोकराचा पगार वेगळाच.

उर्दू शाळेत आम्ही टक्क्याला 'फीसद' म्हणायचो, म्हणजे शंभरामागे. प्रश्न एवढाच की कोणत्या शंभरामागे? चढ खरेदीच्या शंभरावर होती, उतार विक्रीच्या शंभरावर आहे. विक्रीची रक्कम मोठी, म्हणून तेवढ्याच टक्क्यांचा उतारही मोठा. सातवी-आठवीतल्या मुलाला सांगावे की टक्क्यांची बेरीज-वजाबाकी करू नकोस, गुणाकार कर. १.२० गुणिले ०.८० म्हणजे ०.९६. शंभराचे शहाण्णव उरले. आधी सूट आणि मग चढ केली तरी उत्तर तेच येते.

मुद्दल सुटेल एवढीच सूट द्यायची तर ६०० मधले १०० सोडता येतात, म्हणजे सुमारे १६.६७ टक्के. वीस टक्के सूट देऊन मुद्दल सांभाळायचे असेल तर आधी २५ टक्के चढवावे लागतात: ५०० चे ६२५, त्यातून १२५ वजा, परत ५००.

हीच गफलत २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी बदलला तेव्हा दिसते. हजारांवरच्या आणि अडीच हजारांपर्यंतच्या तयार कपड्यांवरचा कर १२ वरून ५ टक्के झाला. म्हणून कपडा सात टक्के स्वस्त झाला असे नाही. करापूर्वी २,००० चा शर्ट आधी २,२४० ला पडे, आता २,१०० ला. फरक १४० रुपयांचा, आणि २,२४० वर तो सव्वासहा टक्केच होतो. गिऱ्हाइकाने जुन्या भावावर सात टक्के मागितले तर १५६ रुपये ८० पैसे होतात. वरचे १६ रुपये ८० पैसे दुकानदाराला भावात सोडावे लागतील.

म्हणून माझे मत असे की सूट टक्क्यांत जाहीर करण्याआधी ती रुपयांत मांडावी, आणि प्रत्येक टक्क्यापुढे 'कशावर?' हे लिहावे. फलक नंतर रंगवावा.