“मजुराची चूक” म्हणून फाईल बंद करता येत नाही



२०१७ च्या जुलै ते ऑक्टोबर या महिन्यांत आपल्या यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारा मारताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले आणि शेकडो दवाखान्यात पडले. सरकारने अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले. पथकाने अहवाल दिला. त्यात मोनोक्रोटोफॉसवर बंदीची शिफारस होती, ती रास्तच होती. पण फवारणाऱ्यांनी काळजी घेतली नाही, हातमोजे-मास्क वापरले नाहीत, हाही ठपका होता.

हा ठपका निष्कर्ष म्हणून टिकतो का? २०१६ साली आपल्या शिवारात किती जणांनी मास्क लावला होता? मग त्या वर्षी असे मुडदे का पडले नाहीत? जी गोष्ट दरवर्षी असते, ती एकाच वर्षाच्या घाताचे कारण म्हणून पुरत नाही. त्या हंगामात वेगळे काय घडले, हे अहवालाने सांगायला पाहिजे. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, त्यामुळे फवारा खाली न पडता तोंडावर येत होता. बोंडअळीच्या धास्तीने फवाऱ्यांचा सपाटा वाढला आणि एका पंपात दोन-तीन औषधांचे मिश्रण होऊ लागले. मिश्रण कोणी सांगितले? बहुतेक वेळा कृषी केंद्रवाल्याने, कारण गावात दुसरा सल्लागारच नव्हता. प्रत्येक “का” मागे आणखी एक “का” विचारत गेले की बोट मजुरावरून पुढे सरकते. सरकारी अहवाल नेमका तिथेच थांबतो, कारण पुढची पायरी कचेरीच्या दारात जाते.

आता आपल्या तालुका समित्यांकडे वळू. गावात विषबाधा झाली की आपले कार्यकर्तेही चौकशी करतात आणि शेवटी “औषध कडक होते” असे लिहून मोकळे होतात. त्या कागदावर कोणताही अधिकारी उभा राहत नाही. अहवाल घड्याळावर लिहा. फवारणी किती वाजता सुरू झाली, किती पंप मारले, वारा कुठला होता, पीक किती उंच होते, पहिला त्रास कधी झाला, दवाखान्यात कधी पोचले, पहिले इंजेक्शन कधी टोचले. बाटली, तिच्यावरचा बॅच नंबर आणि बिल ताब्यात ठेवा. बिल नसेल तर “बिल दिले नाही” हाच एक निष्कर्ष आहे.

बाटलीचा आग्रह उगाच नाही. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही फॉस्फरसची औषधे. त्यांच्या बाधेत डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, लाळ गळते, घाम फुटतो, अंग फडफडते. त्यावर अ‍ॅट्रोपिन चालते. डायफेन्थियुरॉन त्या गटातले नाही, त्यावर खास उतारा नाही. बाटली सोबत नसली तर डॉक्टर अंदाजाने चालतो. फॉस्फरसची बाधा रक्तातल्या कोलिनेस्टरेजच्या तपासणीने कळते. त्या तपासणीची सोय जिल्ह्यात नाही, ही ओरड त्या वर्षी सगळीकडे झाली. म्हणून अहवालात लिहा: रक्त कधी घेतले, तपासले की नाही, आणि नसेल तर कोणी नाकारले. जे तपासलेच नाही ते “आढळले नाही” असे लिहू नका. या दोन वाक्यांत नुकसानभरपाईचा खटला जातो किंवा राहतो.

निर्णयांचे पान वेगळे ठेवा. २०१७ च्या नोव्हेंबरात पाच औषधांवर साठ दिवसांची बंदी आली. कीटकनाशक कायद्याच्या कलम २७ मध्ये तात्पुरत्या बंदीची पहिली मुदत साठ दिवसांपर्यंतच आहे. पण माणसे मेली जुलै ते ऑक्टोबरात! मोनोक्रोटोफॉस बंद करण्याचा केंद्राचा आदेश निघाला तो २०२३ साली, आणि तोही साठा संपेपर्यंत मुभा देऊन. कागदावर निर्णय होता, पण तो कोणत्या हंगामाला वाचवणार, हे कोणी विचारले नाही. आपल्या अहवालात प्रत्येक निर्णयापुढे तीन गोष्टी हव्यात: कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत, आणि झाले हे कशावरून कळणार. “जनजागृती करावी” हा निर्णय नव्हे. “आषाढी अमावास्येपूर्वी गावातल्या प्रत्येक पंपाचे नोझल आणि गळती पाहावी, यादी शाखेच्या वहीत लिहावी” हा निर्णय आहे.

शेवटचे पान आपल्यासाठी. त्यात सरकारला शिव्या नकोत, त्याला दुसरी पाने आहेत. खबर आपल्याला किती दिवसांनी लागली? कायद्याच्या कलम २६ खाली विषबाधेची खबर देणे राज्य सरकार बंधनकारक करू शकते, पण खाजगी दवाखान्यातला रोगी सरकारी यादीत आला की नाही हे आपणच जाऊन पाहावे लागते. कोणत्या घरी आपण पोचलो नाही? विशेषतः रोजंदारीने फवारणारा, ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्याचा जबाब कोणी घेतला? शेतमालकाच्या समोर घेतलेला मजुराचा जबाब पुन्हा एकट्याने घ्या आणि दोन्हींतला फरक तसाच लिहून ठेवा.

पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक तालुक्याने असा एक पूर्ण अहवाल आणावा. ज्या तालुक्यात अजून एकही लिहिला गेला नाही, त्यांनी गेल्या हंगामातल्या एका रोग्यापासून सुरुवात करावी, आणि आधी त्याची बाटली शोधावी.