फिनेल थंड पेयाच्या बाटलीत नको



सणावाराच्या आधी आपल्या काही पॅरिशमधल्या महिला घरीच पांढरं फिनेल बनवतात आणि मिस्सा सुटल्यावर विकतात. बाजारापेक्षा स्वस्त पडतं, चार पैसे चॅपेलच्या कामी येतात. मीही घेते. माझी तक्रार फिनेलबद्दल नाही, बाटलीबद्दल आहे.

गेल्या महिन्यात माझा अडीच वर्षांचा नातू मोरीतली बाटली उचलून आणून म्हणाला, "आजी, ताक." बाटली थंड पेयाची, वरचं लेबल तसंच, आत पांढरं फिनेल. झाकण घट्ट होतं म्हणून निभावलं. चूक माझीच. बाटली खाली ठेवली होती मी.

फिनेलचा अर्क पाण्यात पडला की दुधासारखा पांढरा होतो. लहान मुलाला त्यात आणि ताकात फरक कळणार कसा? त्याहून धोक्याचा तो मूळ अर्क. साधारणपणे एक लिटर अर्कात वीस लिटर पाणी घालतात, म्हणजे अर्क कितीतरी पट तीव्र. मग उरलेला पाव लिटर कोणीतरी पाण्याच्या बाटलीत भरून ठेवतं. तसं करू नये. डबा फोडला की सगळा एकदमच वापरावा; नाहीतर मूळ डब्यातच, झाकण लावून ठेवावा.

बनवताना डब्यावरचं प्रमाण आधी वाचावं. पिंपात अगोदर पाणी घ्यावं, मग अर्क बारीक धारेने ओतत लाकडी काठीने ढवळावं. बोअरचं जड पाणी असेल तर कधी कधी तेल वर तरंगतं. तसं झालं तर ते फिनेल विकू नये, कारण बाटलीत वरचा थर तीव्र राहतो.

भरायला खाण्यापिण्याच्या बाटल्या घेऊच नयेत. फिनेलच्याच जुन्या बाटल्या किंवा नवे कॅन घ्यावेत. चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात 'फिनेल – पिऊ नये', बनवल्याची तारीख आणि बादलीला किती घालायचं ते लिहावं. बॉलपेनची शाई ओल्या हाताने पुसली जाते, म्हणून मार्कर वापरून वरून पारदर्शक चिकटपट्टी लावावी. घरी ही बाटली मोरीत किंवा सिंकखाली नको. मोठ्या माणसाच्या खांद्याच्या वर, कडी असलेल्या कपाटात ठेवावी.

तरीही मुलाच्या पोटात गेलंच, तर उलटी करवू नका, मिठाचं पाणी पाजू नका. उलटी होताना ते तेल फुप्फुसात उतरतं आणि न्यूमोनिया होऊ शकतो. तोंड पुसा, १०८ ला फोन करा आणि बाटली सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा. आत काय होतं ते डॉक्टरांना चिठ्ठीवरूनच कळेल. म्हणूनच चिठ्ठी हवी.

पुढच्या विक्रीच्या आधी महिलांनी एवढं मनावर घ्यावं, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, बेळगाव