"पण तू चालू का ठेवलं होतंस?"

मंडळी, आजचा शनिवार एका प्रश्नावर खर्च करणार आहे. लोकलमध्ये, विमानतळावर किंवा मॉलमध्ये एखाद्या मुलीच्या फोनवर कुणा अनोळखी माणसाने एअरड्रॉपवरून घाणेरडा फोटो पाठवला, की तिला पहिला प्रश्न ठरलेला असतो: "पण तू ते चालू का ठेवलं होतंस?" विचारणारा बरेचदा आपल्याच धंद्यातला असतो. सेटिंग कुठे आहे ते त्याला माहीत असतं, आणि त्या माहितीच्या जोरावर तो तिथल्या तिथे न्यायाधीशही होतो.

माझं म्हणणं साधं आहे. प्रश्न बरोबर आहे, माणूस चुकीचा आहे. "चालू का ठेवलं होतंत?" हे फोन बनवणाऱ्यांना विचारायला हवं. उगाच बोलत नाही, आधी यंत्र कसं चालतं ते बघू.

तुम्ही आयफोनवर फोटो निवडून एअरड्रॉपचं बटण दाबलं, की तुमचा फोन ब्लूटूथवरून एक बारीक हाक देतो. त्या हाकेत तुमच्या नंबरचा आणि ईमेलचा एक छोटा, मोडतोड केलेला ठसा असतो. आसपासचे फोन ती ऐकतात. ज्याने `Contacts Only` लावलंय, त्याचा फोन तो ठसा आपल्या यादीतल्या लोकांशी ताडून बघतो. जुळला नाही तर गप्प बसतो, आणि पाठवणाऱ्याला त्याचं नावही दिसत नाही. ज्याने `Everyone` लावलंय, त्याचा फोन मात्र कुणालाही "ओ" देतो. मग पाठवणाऱ्याच्या स्क्रीनवर त्याचं नाव येतं, पाठवणारा त्यावर बोट ठेवतो, आणि समोरच्या फोनवर विचारणा उमटते: अमुक फोन तुम्हाला एक फोटो पाठवू इच्छितो, `Accept` की `Decline`?

खरी गोम इथे आहे. त्या विचारणेत फोटोची छोटी प्रत आधीच आलेली असते. म्हणजे "नको" म्हणायच्या आधी तुम्ही तो बघून झालेला असतो. `Decline` हे बटण फाइल अडवतं, दृश्य अडवत नाही. आणि असा फोटो पाठवणाऱ्याला तेवढंच तर हवं असतं! फाइल तुमच्या फोनमध्ये राहिली काय आणि न राहिली काय, त्याला फरक पडत नाही.

अंतराचंही बघा. ॲपल साधारण ९ मीटरचा पल्ला सांगतं. गच्च भरलेल्या लोकलमध्ये ९ मीटरमध्ये किती माणसं येतात याचा हिशोब तुम्हीच करा. लेडीज डबा आणि जनरल डबा यांच्यामधली जाळी माणसाला अडवते, रेडिओलहरींना नाही. पाठवणारा पलीकडे मान खाली घालून बसलेला असू शकतो, आणि त्याच्या फोनचं नाव त्याने काहीही ठेवलेलं असू शकतं.

आता एक खरी घटना. ऑगस्ट २०१५, दक्षिण लंडनमधली ट्रेन. एका बाईच्या आयफोनवर अनोळखी माणसाने एअरड्रॉपवरून अश्लील फोटो पाठवला. तिने `Decline` केलं, तर लगेच दुसरा आला. ती ब्रिटिश ट्रान्सपोर्ट पोलिसांकडे गेली. पोलिसांनी तक्रार घेतली, पण अडचण अशी झाली की तिने फोटो नाकारल्यामुळे तपासाला धरून चालावं असं तांत्रिक काही फारसं हातात उरलंच नव्हतं. म्हणजे शहाण्यासारखं वागून नाकारलं तर पुरावा नाही, आणि पुरावा हवा तर ती घाण स्वतःच्या फोनमध्ये उतरवून घ्या. वा रे डिझाइन!

आणि तिने `Everyone` का लावलं होतं? आधी दुसऱ्या एका आयफोनवाल्याला फोटो द्यायचे होते म्हणून. काम झालं, सेटिंग तसंच राहिलं. यात निष्काळजीपणा कुठला? `Contacts Only` चालण्यासाठी दोघांनीही आयक्लाउडमध्ये लॉगिन केलेलं असावं लागतं, आणि पाठवणाऱ्याचा तोच नंबर किंवा ईमेल तुमच्या यादीत असावा लागतो. लग्नात वहिनीच्या भावाने काढलेले फोटो हवे असतात, त्याचा नंबर आपल्याकडे नसतो, मागे पंगत खोळंबलेली असते. अशा वेळी सगळे एकच करतात: `Everyone` लावतात. घेतले फोटो, ठेवला फोन खिशात. सेटिंग परत बदलायला कोण बसतं? तुम्ही बसता? मला नाही वाटत.

जी गोष्ट माणूस हमखास विसरणार हे दिसतंय, ती यंत्राने लक्षात ठेवायची असते. हे काही माझं नवं तत्त्वज्ञान नाही. ब्लूटूथच्या मूळ नियमावलीतच "मर्यादित काळ दिसणे" नावाची वेगळी अवस्था आहे. नोकियाचे जुने सिंबियन फोन आठवतात? त्यात ब्लूटूथच्या सेटिंगमध्ये `Shown to all` आणि `Hidden` असायचं, आणि पुढच्या मॉडेलांमध्ये `Define period` हाही पर्याय आला. वेळ टाका, तेवढा वेळ फोन दिसेल, मग आपोआप लपेल. ही गरज का भासली तेही उघड आहे. २००४ मध्ये कॅबिर नावाचा किडा आला होता, तो दिसत असलेल्या सिंबियन फोनांवर ब्लूटूथवरूनच पसरायचा. पुढे अँड्रॉइडमध्येही एखाद्या ॲपने फोन दिसता करायची परवानगी मागितली, की वेगळं काही सांगितलं नाही तर ती १२० सेकंदांचीच मिळते.

म्हणजे "उघडं दार आपोआप बंद व्हावं" ही कल्पना या धंद्यात जुनी, घासूनपुसून तयार होती. आयफोनवर एअरड्रॉप आलं २०१३ मध्ये, आयओएस ७ बरोबर. त्यात `Everyone` लावलं की ते तुम्ही बदलेपर्यंत तसंच. लंडनची घटना २०१५ची. दार आपोआप बंद व्हायला लागलं कधी? २०२२च्या शेवटी!

आणि तेही कसं, तर नोव्हेंबर २०२२ मध्ये आयओएस १६.१.१ मध्ये, फक्त चीनमध्ये विकल्या जाणाऱ्या आयफोनांवर. त्याच्या आदल्याच महिन्यात बीजिंगच्या सितोंग पुलावर सरकारविरोधी फलक झळकला होता, आणि त्यातला मजकूर लोक एअरड्रॉपवरून एकमेकांना देत असल्याच्या बातम्या होत्या. कंपनीने या दोन गोष्टींचा संबंध जोडला नाही, मीही शपथेवर जोडत नाही. पण क्रम बघा. ट्रेनमधल्या बायकांसाठी सात वर्षं जे सुचलं नाही, ते तिथे सुचलं. डिसेंबरमध्ये आयओएस १६.२ बरोबर ते सगळ्या जगाला मिळालं. आता पर्यायाचं नावच `Everyone for 10 Minutes` आहे, आणि दहा मिनिटं झाली की फोन स्वतःहून `Contacts Only` वर येतो. एवढंच तर करायचं होतं.

आता कुणी म्हणेल, मग झालं की! प्रश्न सुटला. नाही सुटला. भर गर्दीत दहा मिनिटं थोडी नाहीत, आणि त्या दहा मिनिटांत ती छोटी प्रत अजूनही विचारणेतच येते. शिवाय `Everyone` ची गरज संपलेली नाही. २०२५च्या नोव्हेंबरमध्ये गूगलने पिक्सेल १० आणि आयफोन यांच्यात थेट फाइल पाठवायची सोय आणली. सोय उत्तम, पण ती आली तेव्हा त्यासाठी समोरच्याला सगळ्यांसाठी दार उघडावंच लागत होतं, कारण दोन कंपन्यांच्या याद्या एकमेकींना ओळखत नाहीत.

मला सगळ्यात जास्त खटकते ती तिसरी गोष्ट. आयओएस १७ पासून, म्हणजे २०२३ पासून, नग्न फोटो ओळखून धूसर करणारी सोय आयफोनमध्ये आहे. नाव `Sensitive Content Warning`. ओळखण्याचं काम फोनच्या आतच होतं, आणि ती एअरड्रॉपलाही लागू होते. पण मोठ्यांसाठी ती मुळात बंद असते! ज्या बाईला तिची गरज आहे, तिला ती आहे हे पहिला फोटो आल्यानंतर कळणार. माझ्या मते यादीत नसलेल्या माणसाकडून काहीही आलं तर त्याची प्रत दाखवूच नये. "एक फोटो" एवढे शब्द पुरेत. ज्याला वहिनीच्या भावाचे फोटो हवेत, तो भाऊ समोर उभा आहे, प्रत बघायची गरजच काय?

याला एक खरा आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. अनोळखी माणसाला निनावी काहीतरी देता येणं हे काही ठिकाणी लोकांचं शेवटचं साधन असतं. २०१९ मध्ये हाँगकाँगमधले आंदोलक चीनमधून आलेल्या पर्यटकांना एअरड्रॉपवरूनच आपली पत्रकं देत होते. हे मला मान्य आहे, आणि दहा मिनिटांच्या मर्यादेने त्यांचं नुकसान झालं हेही मान्य आहे. पण प्रत झाकल्याने पत्रक अडत नाही. घेणारा `Accept` दाबून ते वाचू शकतो. अडते फक्त जबरदस्ती. रस्त्यात पत्रक पुढे करणं वेगळं, आणि तोंडासमोर फडकवणं वेगळं.

कंपन्या हे करतील तेव्हा करतील. तोवर आयफोनवर `Settings` > `General` > `AirDrop` इथे `Contacts Only` ठेवा. लोकांची यादी भाजीवाल्यापासून जुन्या मॅनेजरपर्यंत पसरली असेल तर सरळ `Receiving Off`. `Settings` > `Privacy & Security` > `Sensitive Content Warning` चालू करा. अँड्रॉइडवर सेटिंगमध्ये `Quick Share` शोधा आणि कोण पाठवू शकतं तिथे `Contacts` किंवा `Your devices` निवडा. कंपनीनुसार शब्द थोडे बदलतात. फोनच्या नावात स्वतःचं नाव असेल तर काढून टाका, कारण यादीत बाईचं नाव बघूनच निशाणा धरता येतो.

आणि तरीही काही आलंच, तर बटण दाबण्याआधी त्या विचारणेचा स्क्रीनशॉट घ्या, मग `Decline`. त्यात प्रतही येते, पाठवणाऱ्या फोनचं नावही आणि वेळही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ प्रमाणे बाईच्या इच्छेविरुद्ध तिला अश्लील चित्र दाखवणं हा लैंगिक छळ आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. लंडनमध्ये पोलिसांच्या हातात जे नव्हतं, ते निदान तुमच्याकडे असेल.

बाकी राहिला आपला तो पहिला प्रश्न. कायद्याने पकडायचा तो पाठवणारा. आणि दार नऊ वर्षं उघडं का होतं, हे विचारायचं तर ज्याने कडी न लावता दार विकलं त्याला विचारा. घरात राहणारीला नको.