मोडलेला संसार आणि न्यायाची वाट

बीडहून धाराशिवकडे जाणाऱ्या महामार्गावरील चौसाळ्यासारख्या गावात एक विवाहिता नऊ वर्षे माहेरी राहत आहे, अशी कल्पना करावी. नवऱ्याने मारहाण केलेली नाही, त्याला व्यसन नाही, दुसरी बाईही नाही. दोघांचे जमले नाही आणि ती स्वतःच परत आली. नवरा तिला आणायला जात नाही, पण घटस्फोटाच्या कागदावर सहीही करीत नाही. या स्त्रीने बीडच्या न्यायालयात जावे, तर कायदा तिला काय देतो? आपण राहतो तेथे अर्ज करण्याची मुभा पत्नीला २००३ च्या दुरुस्तीने मिळाली आहे. न्यायालयापर्यंतची वाट त्यामुळे मोकळी झाली. न्यायाची वाट मात्र अजून अडलेलीच आहे.

हिंदू विवाह कायदा घटस्फोटाचे दोन मार्ग देतो. पहिला परस्पर संमतीचा. कलम १३-ब द्वारे तो १९७६ साली कायद्यात आला. किमान एक वर्ष विभक्त राहिलेल्या पतिपत्नींनी एकत्र अर्ज करावयाचा, सहा महिन्यांनंतर आणि अठरा महिन्यांच्या आत न्यायालयासमोर पुन्हा उभे राहून तीच इच्छा सांगावयाची, की हुकूमनामा मिळतो. कोणी कोणावर चिखलफेक करावयाची नाही. दोघे दीड वर्षाहून अधिक काळ विभक्त असतील, पोटगी व मुलांचा ताबा यांचा निकाल लागला असेल आणि समेटाचे प्रयत्न थकले असतील, तर सहा महिन्यांची अट शिथिल करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली स्पष्ट केले.

या मार्गाचे बळ संमतीत आहे आणि त्याचे दौर्बल्यही तेथेच आहे. हुकूमनामा होईपर्यंत दोघांचीही संमती टिकली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सांगितले. म्हणजे पहिल्या तारखेला सही करणारा दुसऱ्या तारखेला फिरू शकतो. व्यवहारात यातून सौदेबाजी जन्मते. ‘पोटगी सोड, मग सही करतो’ हे वाक्य कोणत्याही नोंदीत येत नाही, पण वकिलांच्या बैठकीत ते परिचयाचे आहे. म्हणूनच स्त्रीधन आणि पोटगीची रक्कम संमतीच्या अटींत नेमकी लिहून घेणे व दुसऱ्या जबाबापूर्वी किंवा त्याच वेळी ती हाती येणे, यावर स्त्रीच्या बाजूने आग्रह धरला पाहिजे.

संमती नसेल तर दुसरा मार्ग वादाचा. येथे क्रूरता, परित्याग, व्यभिचार असा कोणता तरी दोष सिद्ध करावा लागतो, आणि तोही समोरच्याचा. या तत्त्वाचे परिणाम समजून घ्यावयाचे, तर पुण्यातील दास्ताने खटल्याकडे पाहावे. १९५६ साली विवाह झाला, १९६१ च्या आरंभी पतिपत्नी विभक्त झाली आणि १९६२ साली पती न्यायालयात गेला. क्रूरता हे त्या काळी घटस्फोटाचे नव्हे, केवळ न्यायिक विभक्ततेचे कारण होते. पहिल्या न्यायालयाने ती मान्य केली, जिल्हा न्यायालयाने हुकूम फिरविला, उच्च न्यायालयाने पतीचे अपील फेटाळले. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने पत्नीचे वर्तन क्रूरतेत मोडते, असे मान्य केले; तरीही पती हरला. कारण, त्या वर्तनानंतरही दोघे पतिपत्नी म्हणून एकत्र राहिली, म्हणजे पतीने झाले गेले क्षमा केले, असे ठरले.

क्रूरतेची व्याख्या सांगणारा म्हणून हा निकाल आजही उद्धृत होतो. त्यातील दुसरी शिकवण मात्र दुर्लक्षित राहते. संसार सावरण्यासाठी माणसाने पुन्हा एकदा एकत्र राहून पाहिले, तर तोच प्रयत्न पुढे त्याच्या विरुद्ध पुरावा ठरतो. तेरा वर्षांच्या दाव्यानंतर ते दांपत्य कायद्याने पतिपत्नी होते आणि चौदा वर्षे एकमेकांपासून दूर होते. दोषाचे तत्त्व कुटुंब टिकविते, हा समज येथे उघडा पडतो. वादाच्या अर्जात जे आरोप प्रतिज्ञेवर लिहिले जातात, त्यांच्यानंतर समेटाला जागाच उरत नाही.

चौसाळ्याच्या त्या स्त्रीकडे संमती नाही आणि सिद्ध करण्याजोगा दोषही नाही. अशांसाठी तिसरा विचार आहे, तो विवाह सावरण्यापलीकडे मोडला असल्याचा. दोष कोणाचा, हे न विचारता नाते उरले आहे का, एवढेच येथे पाहावयाचे. विधी आयोगाने १९७८ च्या एकाहत्तराव्या अहवालात आणि पुन्हा २००९ साली हे कारण कायद्यात घालावे, अशी शिफारस केली. सर्वोच्च न्यायालयानेही २००६ साली केंद्र सरकारला तसे सुचविले. त्यासाठीचे विधेयक ऑगस्ट २०१३ मध्ये राज्यसभेत संमत झाले. लोकसभेत मात्र ते संमत झाले नाही आणि २०१४ साली ती सभा विसर्जित होताच बारगळले.

पुढे १ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यघटनेच्या कलम १४२ खाली सर्वोच्च न्यायालय या कारणावरून विवाह विसर्जित करू शकते, एका पक्षाचा विरोध असला तरीही, असा निर्णय दिला. सहा वर्षे वा अधिक विभक्त राहणे, आरोपांचे स्वरूप, समेटाचे प्रयत्न, मुलांचे वय आणि आर्थिक स्थिती हे सारे त्यात पाहावयाचे. परंतु हा कोणाचा हक्क नाही, न्यायालयाचा विवेक आहे. त्यासाठी थेट सर्वोच्च न्यायालयात अर्जही करता येत नाही. बीडच्या न्यायाधीशांना हा अधिकार नाही, औरंगाबाद खंडपीठालाही नाही. जो दिल्लीपर्यंत खटला नेऊ शकतो, त्यालाच ही सुटका लाभू शकते.

ज्याला ते शक्य नाही, तो मुद्रांकावर फारकत लिहून घेतो. कायद्याच्या कलम २९ ने रूढीने मिळणारा घटस्फोट मान्य केला आहे, पण ती रूढी त्या समाजात प्राचीन व अखंड असल्याचे सिद्ध करावे लागते. ते न झाल्यास फारकतीचा कागद निरर्थक ठरतो, दुसरा विवाह अवैध ठरतो, आणि त्या घरात गेलेली स्त्री निवृत्तिवेतनाच्या वा वारसाच्या प्रश्नाच्या वेळी पत्नीच राहत नाही. कायद्याचे दार बंद ठेवल्याने विवाह टिकत नाहीत. ते कायद्याबाहेर मोडतात.

विवाह हा संस्कार आहे, करार नव्हे, हा आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. पण परंपराही एकजिनसी नाही. कौटिल्याने धर्म्य विवाहांत मोक्ष नाकारला, तरी इतर विवाहांत परस्पर द्वेषामुळे मोक्ष मानला. एकाच्याच द्वेषावरून मात्र नाही. संमती आणि एकतर्फी इच्छा यांतील भेद त्यालाही ठाऊक होता. आजच्या भीतीचे मूळही येथेच आहे. एकतर्फी मार्ग खुला झाला, तर कमावता नवरा बायकोला वाऱ्यावर सोडून मोकळा होईल.

ही भीती खरी आहे आणि तिचे उत्तर त्या बारगळलेल्या विधेयकातच होते. तीन वर्षांची सलग विभक्तता ही अट. घटस्फोटाने गंभीर आर्थिक हलाखी ओढवेल, असे दाखवून पत्नीला विरोध करण्याचा हक्क. मुलांच्या निर्वाहाची तरतूद झाल्याखेरीज हुकूमनामा नाही. आणि पतीच्या मालमत्तेत पत्नीला न्यायालय ठरवील तो वाटा. एवढी कुंपणे घालून हे कारण संसदेने कायद्यात आणावे आणि ते तपासण्याचा अधिकार जिल्ह्याच्या न्यायालयाला द्यावा. संस्काराचा मान राखावयाचा असेल, तर जेथे संस्कार उरलाच नाही तेथे त्याचे नाव घेऊन एका स्त्रीला नऊ वर्षे उंबरठ्यावर उभे ठेवता येणार नाही.