भोंगा धर्माचा भाग नाही, मग काकडा आणि अजानचं काय?

गावात भोंग्याचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक म्हणतो, ‘कोर्टाने भोंगे बंद केलेत.’ दुसरा म्हणतो, ‘आमच्या धर्मात कोर्ट ढवळाढवळ कशी काय करू शकतं?’ खरं तर दोन्ही वाक्यं अर्धवट आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या 23 जानेवारी 2025 च्या निकालानंतर हा वाद वाड्या-वस्त्यांपर्यंत पोहोचला. मार्च 2025 मध्ये सरकारनेही विधिमंडळात भोंग्यांच्या परवानगीबद्दल कडक भूमिका मांडली. पण न्यायालय नेमकं काय बोललं आणि राज्यघटनेतल्या कोणत्या आधारावर बोललं, हे चावडीवरच्या चर्चेत फारसं येत नाही.

मुंबईतलं प्रकरण काय होतं?

कुर्ला पूर्वेच्या नेहरूनगर आणि चुनाभट्टी भागातल्या रहिवासी संघटना न्यायालयात गेल्या होत्या. परिसरातल्या प्रार्थनास्थळांवरचे भोंगे वेळ आणि आवाजाची मर्यादा पाळत नाहीत आणि तक्रार करूनही पोलीस हलत नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. न्यायमूर्ती अजय गडकरी आणि न्यायमूर्ती श्याम चांडक यांच्या खंडपीठाने सांगितलं की लाऊडस्पीकर हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही. त्यामुळे त्याला परवानगी नाकारली म्हणून धर्मस्वातंत्र्याचा भंग होत नाही.

निकालात ‘कोणत्याही धर्माचा’ असे शब्द आहेत. भोंगा मंदिरावर असो, मशिदीवर असो, चर्चवर असो की विहारावर, नियम एकच. दुसरं म्हणजे न्यायालयाने सरसकट भोंगेबंदी केलेली नाही. नियम मोडणाऱ्याला आधी समज द्यायची, पुन्हा मोडला तर त्या संस्थेला दंड करायचा, आणि तरीही ऐकलं नाही तर यंत्रणा जप्त करून परवाना रद्द करण्याकडे जायचं, अशी पायरीपायरीची कारवाई पोलिसांना सांगितली. तक्रार करणाऱ्याचं नाव उघड करायचं नाही, हेही सांगितलं. गावात ही गोष्ट मोठी आहे. भाऊबंदकी आणि शेजारधर्माच्या भीतीने लोक गप्प बसतात, ते याच कारणामुळे.

‘अत्यावश्यक भाग’ ही भानगड आली कुठून?

राज्यघटनेच्या 25 व्या अनुच्छेदाने प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचं, आचरण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य दिलंय. पण धर्म म्हणजे नेमकं किती? आपल्याकडे जन्मापासून मरणापर्यंत सगळ्याच गोष्टींना धर्म चिकटलेला असतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 2 डिसेंबर 1948 रोजी संविधान सभेत हीच अडचण मांडली होती. सगळंच धर्म मानलं तर कोणतीही सामाजिक सुधारणा करता येणार नाही, म्हणून जे मुळातच धार्मिक आहे तेवढ्यापुरतीच धर्माची व्याख्या ठेवावी, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता.

पुढे 1954 मध्ये शिरूर मठाचा खटला सर्वोच्च न्यायालयात आला. नावावरून पुण्याजवळचं शिरूर वाटेल, पण हा मठ कर्नाटकातल्या उडुपीचा. न्यायालय तेव्हा म्हणालं की धर्माचा अत्यावश्यक भाग कोणता, हे त्या धर्माच्या शिकवणुकीवरूनच ठरवायचं. म्हणजे धर्माला बऱ्यापैकी मोकळीक होती.

सात वर्षांत चित्र बदललं. 1961 मध्ये अजमेर दर्ग्याच्या खटल्यात न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी वेगळी बाजू पुढे आणली. हे गजेंद्रगडकर मूळचे साताऱ्याचे, पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले. काही प्रथा अंधश्रद्धेतून जन्मतात आणि नंतर धर्माला येऊन चिकटतात, त्यांना घटनेचं संरक्षण मिळेलच असं नाही, असं त्यांनी म्हटलं. तिथून कोणती प्रथा धर्माच्या गाभ्यातली आणि कोणती वरवरची, हे न्यायालय स्वतःच तपासू लागलं. कायद्याच्या भाषेत याला ‘अत्यावश्यक धार्मिक प्रथेची कसोटी’ म्हणतात.

कसोटी अडते कुठे?

ही कसोटी ऐकायला सोपी आहे, पण वापरताना अडते. आनंदमार्ग या पंथाचं उदाहरण घ्या. या पंथाची स्थापना 1955 ची. 1966 मध्ये त्यांच्या गुरूंनी अनुयायांना तांडव नृत्य सांगितलं. कोलकात्याच्या रस्त्यावर कवटी आणि सुरी घेऊन हे नृत्य करायला पोलिसांनी मनाई केली, आणि प्रकरण न्यायालयात गेलं. 1983 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की पंथ आधीचा आणि नृत्य नंतरचं, म्हणून रस्त्यावरचं तांडव हा पंथाचा अत्यावश्यक भाग नाही. पुढे पंथाने आपल्या ग्रंथातच तांडव आवश्यक असल्याचं लिहून घेतलं आणि पुन्हा दाद मागितली. 2004 मध्ये न्यायालयाने तेही मानलं नाही. धर्माचा गाभा असा नंतर भर घालून बदलत नाही, असं उत्तर मिळालं.

इथे सामान्य माणसाला प्रश्न पडणारच. ग्रंथात नसेल तर प्रथा अत्यावश्यक नाही, आणि नंतर लिहिलं तरी चालत नाही. मग ज्यांच्याकडे पोथीच नाही त्यांनी काय करायचं? गावदेवाची जत्रा किंवा आदिवासी पाड्यावरची पूजा कोणत्याच ग्रंथात लिहिलेली नसते, पिढ्यान्‌पिढ्या नुसती चालत आलेली असते. अशा वेळी कायदा शिकलेल्या न्यायाधीशाला धर्मपंडिताचं काम करावं लागतं. शबरीमला प्रकरणानंतर 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी बहुमताने असे प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवले आणि पुढे त्यासाठी नऊ न्यायाधीशांचं पीठ नेमलं गेलं, ते याच गुंत्यामुळे.

भोंग्यासाठी कसोटीची गरजच किती?

25 व्या अनुच्छेदाची सुरुवातच एका अटीने होते. धर्मस्वातंत्र्य हे सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या, तसंच इतर मूलभूत हक्कांच्या अधीन आहे. आवाजाचा त्रास हा सरळसरळ आरोग्याचा विषय. त्यामुळे भोंगा धर्माचा गाभा आहे की नाही याची फोड न करताही त्याला मर्यादा घालता येते. शेजारच्या आजारी माणसालाही जगण्याचा हक्क आहे, एवढं कारण पुरेसं होतं.

चेन्नईच्या एका चर्चच्या प्रकरणात 30 ऑगस्ट 2000 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बराचसा हाच रस्ता धरला. तिथे प्रार्थनेत ढोल, गिटार आणि ध्वनिक्षेपक वाजायचे. दुसऱ्यांची शांतता मोडून प्रार्थना करा असं कोणताच धर्म सांगत नाही, असं न्यायालय म्हणालं आणि ध्वनिप्रदूषणाचे नियम चर्चलाही लागू केले.

अलाहाबाद उच्च न्यायालयाने मे 2020 मध्ये, टाळेबंदीच्या काळात, हा फरक आणखी स्पष्ट केला. अजान हा इस्लामचा अत्यावश्यक भाग आहे, पण भोंग्यावरून अजान देणं हा नाही. म्हणून भोंग्याशिवाय, मानवी आवाजात अजान द्यायला आडकाठी नाही. हाच न्याय काकड्याला लावला तर पहाटेची काकड आरती कोणी थांबवू शकत नाही, पण तिच्यासाठी लावलेला भोंगा थांबवता येतो. भक्ती आणि यंत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता गावातलं गणित

समजा, एका गावात पहाटे पाचला मंदिरात भोंग्यावर काकडा लागतो. सव्वापाचला मशिदीत भोंग्यावर अजान होते. वर्षातून एकदा हरिनाम सप्ताह असतो आणि कीर्तन रात्री साडेअकरापर्यंत चालतं. एकाने पोलीस ठाण्यात जाऊन फक्त मशिदीची तक्रार केली. आता काय व्हायला हवं?

2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाऊडस्पीकर चालत नाही. दिवसाही लेखी परवानगी लागते. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. दवाखाना, शाळा आणि न्यायालयाभोवतीचा 100 मीटरचा परिसर सरकारला शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो, तिथे मर्यादा आणखी कमी.

म्हणजे पाचचा काकडा आणि सव्वापाचची अजान दोन्ही भोंग्यावर नियमबाह्य आहेत. तक्रार एकाचीच आली तरी पोलिसांनी नियम दोघांनाही लावायला हवा. एकाचा भोंगा उतरवला आणि दुसऱ्याचा तसाच ठेवला तर तो ध्वनिप्रदूषणाचा कायदा उरत नाही, भेदभाव होतो. तिथे 14 व्या अनुच्छेदातला समानतेचा हक्क पुढे करता येतो.

सप्ताहाचं वेगळं आहे. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवासाठी वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस रात्री 12 पर्यंत सूट देता येते. पण ती आपोआप मिळत नाही. सप्ताहाचा दिवस त्या जाहीर झालेल्या दिवसांत आहे का, हे आधी बघावं लागतं. नसेल तर दहाला माईक बंद करायचा. रात्री उघड्यावर वाद्यं वाजवण्यालाही हाच नियम लागू आहे, त्यामुळे टाळ-मृदंगही त्यातून सुटत नाहीत. आणि सूट ही वेळेची असते, वाट्टेल तेवढ्या आवाजाची नाही, हे डीजेवाल्यांनीही ध्यानात ठेवायला हवं.

धर्मनिरपेक्षता इथेच दिसते

‘धर्मनिरपेक्ष’ म्हणजे सरकार धर्माच्या विरोधात, असा समज गावात बऱ्याच जणांचा असतो. आपल्या घटनेत तसं नाही. 1994 च्या बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने धर्मनिरपेक्षता घटनेच्या मूलभूत चौकटीचा भाग मानली. त्याचा साधा अर्थ असा की राज्य सगळ्या धर्मांना समान अंतरावर ठेवतं आणि समान वागणूक देतं. घटनेच्या उद्देशिकेत हा शब्द 1976 मध्ये आला, पण 25 वा अनुच्छेद आणि समानतेचा हक्क पहिल्या दिवसापासून होते.

स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांनी याच क्रमाने विचार केला तर उत्तर सुटतं. आधी बघायचं की प्रथा धार्मिक आहे का. मग ती धर्माच्या गाभ्यातली आहे का. गाभ्यातली असली तरी सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि दुसऱ्यांचे हक्क यांच्या आड येते का. आणि शेवटी, घातलेलं बंधन सगळ्या धर्मांना सारखं आहे का. भोंगा दुसऱ्या पायरीवरच अडतो. पण ती पायरी काढून टाकली तरी तिसऱ्या पायरीवर त्याला थांबावंच लागतं.

गावातल्या वादाचा निकाल मात्र बहुतेक वेळा चौथ्या पायरीवर लागतो. डेसिबल मोजायचं यंत्र मंदिरासमोर जसं धरलं जातं तसंच मशिदीसमोर आणि लग्नाच्या वरातीतही धरलं, तर लोक कुरकुरत का होईना मान्य करतात. एकाच दारात धरलं, तर भोंगा उतरतो पण भांडण राहतं.