श्रेणी चुकली, दोष तसाच राहिला

अमेरिकेतील 'फर्स्ट अमेरिकन' या मालमत्ता-हक्क विमा कंपनीच्या 'ईगलप्रो' प्रणालीतील दोष मे २०१९ मध्ये एका पत्रकाराने उघडकीस आणला. कंपनीच्याच सुरक्षा पथकाला मात्र तो डिसेंबर २०१८ मध्येच सापडला होता. वेबपत्त्यातील कागदपत्राचा क्रमांक बदलला, की पासवर्डाविना भलत्याच ग्राहकाचा कागद उघडत असे. त्यांत बँक खात्यांचे क्रमांकही होते.

मग दुरुस्ती का झाली नाही? तपासणी अहवालात दोषाला 'मध्यम' श्रेणी मिळाली. त्यासाठी ४५ दिवसांची मुदत होती. नोंद करताना चुकून 'कमी' लिहिले गेले आणि मुदत ९० दिवसांची झाली. तीही पाळली गेली नाही. मुळात 'मध्यम' ही श्रेणीदेखील सौम्यच म्हणावी लागेल. गांभीर्य ठरते ते दोषाचा गैरफायदा घेणे किती सोपे आणि त्यातून होणारी हानी किती, यावर. येथे सोपेपणात काही उणे नव्हते. पण हानीचा अंदाज कोट्यवधी कागदपत्रांपैकी अवघी दहा पाहून बांधला गेला.

यावरील उपाय एकच. कागद मागणाऱ्याला तो पाहण्याचा अधिकार आहे काय, हे सर्व्हरने प्रत्येक वेळी तपासले पाहिजे. क्रमांक लांबलचक व यादृच्छिक केल्याने तो ओळखणे अवघड होते, इतकेच. दुरुस्तीनंतर एका खात्यातून दुसऱ्याचा कागद मागून पाहावा; नकार मिळाला तरच नोंद बंद करावी.

जून २०२१ मध्ये अमेरिकी रोखे नियामकाने कंपनीला ४,८७,६१६ डॉलरचा दंड केला. ठपका होता तो निवेदन काढणाऱ्या वरिष्ठांपर्यंत हा अहवाल पोहोचलाच नव्हता, याबद्दल.