फोन लागत नाही? आधी ग्राहकाला विचारा, काय ऐकू आलं?

"तुमचा फोन लागत नाही" असं ग्राहक म्हणाला की लगेच नवीन नंबर घ्यायला पळू नका. माझं मत स्पष्ट आहे: आधी त्यालाच विचारा, "तुम्हाला काय ऐकू आलं?"

समजा, तुमचा डब्यांचा व्यवसाय आहे. ग्राहकाला रिंग ऐकू आली, पण तुमचा फोन वाजला नाही, तर नेटवर्क बहुतेक ठीक आहे. सायलेंट किंवा 'डू नॉट डिस्टर्ब' चालू आहे का ते बघा.

पण त्याला 'कव्हरेज क्षेत्राबाहेर' ऐकू आलं, तर रेंजच्या काड्या दिसत असल्या तरी फोनची नेटवर्कवरची नोंदणी अडकलेली असू शकते. एअरप्लेन मोड अर्धा मिनिट चालू ठेवून बंद करा, म्हणजे फोन नव्याने नोंदणी करतो. मग दुसऱ्या फोनवरून कॉल लावून बघा. नाही लागला, तर फोन बंद करून सिम काढा, पुसा आणि ट्रेमध्ये नीट बसवा. सेटिंगमध्ये नेटवर्कची निवड 'ऑटोमॅटिक' आहे ना, तेही बघा.

तरीही अडलं, तर सिम दुसऱ्या फोनमध्ये टाका. तिथे चाललं, तर दोष तुमच्या फोनमध्ये किंवा त्याच्या सेटिंगमध्ये. नाही चाललं, तर कंपनीच्या दुकानात जा, त्याच नंबरचं नवीन सिम मिळतं. नंबर मात्र बदलू नका, ती तुमच्या धंद्याची पाटी आहे.